आठवीच्या वर्गाला कबड्डी शिकवून झाली आहे. नियम आणि कौशल्ये यांवर २० गुणांची लेखी चाचणी काढायची आहे. कोणते प्रश्न विचारू?

‘मैदानाची लांबी-रुंदी किती’ हा प्रश्न काढणार असाल तर आधी थांबा. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचे १२ बाय ८ आणि लहान गटांचे त्याहूनही आखूड. तुमच्या आठवीच्या मुली ज्या मैदानावर खेळल्या ते १३ बाय १० नव्हतेच, पण गाइडमध्ये तेच छापलेले असते. ‘संघात किती खेळाडू’ याचेही तसेच. मैदानात सात उतरतात, संघ बाराचा असतो. मी ज्या शाळेत होते तिथे तालुक्याला चढाई करून आलेल्या मुलीने ‘१२’ लिहिले आणि तिचा गुण कापला गेला, कारण उत्तरसूचीत ७ होते. प्रश्न धड विचारायचा नाही आणि वर मुलीलाच चूक ठरवायचे!

तो पेपर पाहिल्यावर पुढच्या वर्षीचा मी काढला. निम्मे गुण एकाच प्रश्नाला दिले. तो आजही जसाच्या तसा वापरता येईल, म्हणून पूर्ण देते.

अ संघाचे ४ गडी मैदानात आहेत. ५, २ आणि ९ नंबरचे गडी याच क्रमाने बाद झाले आहेत. ब संघाचे ६ गडी मैदानात आहेत. गुण शून्य-शून्य धरा. पहिली चढाई अ ची: चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, मग दोघांना हात लावला आणि मध्यरेषेवर परतला. दुसरी चढाई ब ची: चढाईपटूने बोनस घेतला, पण नंतर पकडला गेला. तिसरी पुन्हा अ ची: चढाईपटू आत गेला आणि ब च्या गड्यांनी त्याची पकड केली. प्रत्येक चढाईनंतर गुण किती, मैदानात कोणाचे किती गडी आणि कोण उठले?

पहिल्या चढाईत अ ला तीन गुण: एक बोनसचा, दोन बाद केलेल्या गड्यांचे. पण उठतात दोनच, ५ आणि २ नंबरचे, कारण बोनसच्या गुणावर गडी उठत नाही. अ चे झाले ६, ब चे राहिले ४. इथेच निम्मा वर्ग घसरतो आणि अ चे ७ लिहितो. आता दुसरी चढाई. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो. दोन गडी उठल्यामुळे अ चे नेमके सहा झालेत, म्हणून ब ला बोनसचा एक गुण मिळतो. पकडीचा एक अ ला. अ चा ९ नंबर उठला, सात पूर्ण झाले. ब चे तीन उरले. गुण ४-१.

तिसऱ्या चढाईला ब कडे तीनच गडी आहेत. तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली की ती अव्वल पकड, म्हणजे टीव्हीवरच्या भाषेत सुपर टॅकल. तिला एक गुण जादा. ब ला दोन गुण मिळाले, पण उठला एकच गडी, त्यांच्यात सगळ्यात आधी बाद झालेला. शेवटी गुण ४-३, मैदानात अ चे ६ आणि ब चे ४.

या प्रश्नाचा फायदा असा की चुकीचे उत्तरही बोलते. पहिल्या चढाईनंतर अ चे ७ लिहिणाऱ्याला बोनस आणि बाद यांतला फरक कळलेला नाही. दुसऱ्या चढाईत ब ला बोनस न देणाऱ्याने समोरचे गडी मोजलेच नाहीत. ५ च्या आधी ९ उठवणाऱ्याला उठण्याचा क्रम माहीत नाही. प्रत्येक टप्प्याला वेगळे गुण ठेवा आणि मागच्या चुकीची शिक्षा पुढे देऊ नका. सात धरून पुढचे बरोबर मोजले असेल तर पुढचे गुण द्यायचे.

आमच्या गणिताच्या सरांनी नेमका यावरच वाद घातला. त्यांचे म्हणणे, तीन गुण मिळाले तर तीन गडी उठलेच पाहिजेत, ‘हिशेब साधा आहे, बाई’. मी म्हटले, सर, लोणाचे दोन गुण मिळतात तेव्हा त्या दोन गुणांवर कोण उठते? यावर ते म्हणाले, हा खेळाचा पेपर आहे, याला एवढे मनावर घ्यायचे नसते, सगळ्यांना सोळा-सतरा टाकून मोकळे व्हा. तेवढ्यावर न थांबता मुख्याध्यापकांकडेही गेले. मी नियमपुस्तिका घेऊन गेले, ती कोणी उघडली नाही. त्या वर्गातली जी मुले मधल्या सुट्टीत धूळ उडवत खेळायची, त्यांनी मात्र दोनच गडी उठवले होते. त्यांच्या गणिताच्या गुणांबद्दल मी बोलत नाही!

उरलेल्या गुणांना छोटे प्रसंग द्या. चढाईपटूने कोणाला हात लावला नाही, निदान रेषाही ओलांडली नाही आणि परत आला, तर काय? तो बाद. आणि निदान रेषा न ओलांडता एकाला हात लावून आला तर? मग चढाई चांगली, समोरचा बाद. झटापट सुरू व्हायच्या आधी, चढाईपटूला टाळताना कोपऱ्यातला गडी राखीव क्षेत्रात गेला तर? तोही बाद, आणि चढाई करणाऱ्या संघाला गुण. हात लागल्यानंतर मात्र राखीव क्षेत्र मैदानातच धरतात. ही जोडी विचारलीत तर पाठांतर उघडे पडते.

कौशल्यांचे लेखी प्रश्न मला फारसे पटत नाहीत. ‘घोटा पकड म्हणजे काय’ याचे उत्तर घोटा कधी न धरलेले मूलही लिहील. विचारायचेच तर निर्णय विचारा: चढाईपटूने बोनससाठी पाय तुमच्या कोपऱ्याकडे लांब टाकला आहे, तुम्ही कोपरारक्षक आहात, तुम्ही काय धराल आणि साखळीतल्या जोडीदाराने त्याच वेळी काय करायचे? घोटा धरतो एवढेच लिहिले तर अर्धे गुण. जोडीदाराने त्याची मध्यरेषेकडची वाट अडवायची, हे लिहिले तर पूर्ण. एकट्याने घोटा धरला तर जोरकस चढाईपटू ओढत ओढत मध्यरेषा गाठतो, आणि मग धरणाराच बाद होतो.

एक सांगायचे राहिले. अव्वल पकड आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची करा-नाहीतर-बाद अशी तिसरी चढाई हे नियम गावच्या सामन्यांत सगळीकडे लावत नाहीत. तुम्ही मैदानात ते शिकवले नसतील तर माझ्या प्रश्नात ब चे शेवटी ३ ऐवजी २ गुण करा, गड्यांचा हिशेब तोच राहतो. पेपरच्या वर ‘कोणत्या नियमांप्रमाणे’ ही एक ओळ लिहा, नाहीतर टीव्ही पाहणारी मुले वाद घालतील आणि त्यांचे बरोबरही असेल. बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकला असताना दुसरा हवेत हवा, हेही वर्गात करून दाखवले असेल तरच विचारा.

आणि पेपर तपासणीला दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाकडे जाणार असेल, तर उत्तरसूचीत फक्त ‘४-३’ लिहून पाठवू नका. प्रत्येक चढाईपुढे कोणता गडी उठला त्याचा नंबर लिहा. मी पुढच्या वर्षापासून तसेच केले. सर तरीही आलेच, पण मुख्याध्यापकांकडे गेले नाहीत.