पगडी असलेला लोगो मंजूर करण्यापूर्वी

प्रश्न: आमच्या मसाल्यांच्या लोगोत पुणेरी पगडी आहे, मंजूर करू का?

आहे त्या रूपात करू नये, कारण पुण्यात पगडी इतक्या पाट्यांवर दिसते की तिच्यावरून शहर ओळखू येते, दुकान नाही. पाकिटांच्या छपाईत मी लोगो आधी एकाच रंगात, १० मिलिमीटर रुंदीचा छापून हातभर अंतरावरून पाहतो; पगडीच्या घड्या मिसळून नुसता काळा ठिपका उरला, तर रेषा कमी कराव्या लागतात. मग पाच-सहा अनोळखी गिऱ्हाइकांना तो पाच सेकंद दाखवून दुसऱ्या दिवशी आठवणीतून कागदावर काढायला सांगावे. सगळ्यांनी फक्त पगडीच काढली, तर तुमचे असे त्यात काही नाही. पगडी मानाची असल्याने ती पाकीट फाडण्याच्या रेषेवर मात्र येऊ देऊ नये. विक्री मुख्यतः पुण्याबाहेर असेल, तर हीच पगडी उपयोगी ठरू शकते.