नऊला अंथरूण, पावणेबाराला झोप

प्रिय ताई,
आमचा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि तो दोन-तीन शब्दांपलीकडे फारसे बोलत नाही. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. रोज रात्री नऊला त्याला अंथरुणावर नेतो, सासूबाई थोपटतात, अंगाई म्हणतात. पण तो उड्या मारतो, रडतो आणि पावणेबाराशिवाय झोपत नाही. सकाळी सातला शाळेसाठी त्याला ओढून उठवावे लागते आणि संध्याकाळी पाचला तो सोफ्यावर तास-दीड तास झोपतो. रविवारी दहापर्यंत उठत नाही. गेल्या महिन्यात खारघरला माझ्या भावाकडे दोन रात्री राहिलो, तेव्हा मात्र साडेदहालाच झोपला. सासूबाईंना वाटते, मीच त्याला लाडावून ठेवले आहे. पालकांच्या ग्रुपवर कोणी जड ब्लँकेट घ्यायला सांगते, कोणी झोपेच्या गमी. काय करावे?
— एक थकलेली आई, ठाणे

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती खारघरच्या दोन रात्रींची आहे. लाडावलेले मूल मामाच्या घरी जास्त हट्ट करते, लवकर झोपत नाही. तेव्हा लाडाचा मुद्दा आपण इथेच सोडून देऊ आणि त्या दोन दिवसांत नेमके काय वेगळे होते हे आठवू. अंथरूण जमिनीवर होते का, मच्छरदाणी होती का, खोली रस्त्यापासून आत होती का, भाच्यांबरोबर खेळताना त्याची संध्याकाळची झोप बुडाली होती का, आणि झोपवताना त्याला कोणी थोपटत होते का, हे भावाला आणि वहिनींना फोन करून विचारा व उत्तरे लिहून ठेवा. अशा मुलांच्या बाबतीत मी बऱ्याचदा पाहिले आहे की, उत्तर घरातच असते, फक्त ते मूल शब्दांत सांगू शकत नाही.

थोपटण्याचा प्रश्न मी मुद्दाम विचारला. आपल्याकडे मुलाला झोपवायचे म्हणजे थोपटायचे, हे इतके मुरलेले आहे की त्याने एखाद्या मुलाची झोप उडत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ज्या मुलांची त्वचा स्पर्शाला अतिसंवेदनशील असते, त्यांच्यापैकी अनेकांना हलका, सतत आणि पुन्हा पुन्हा होणारा स्पर्श टोचल्यासारखा वाटतो. त्याच मुलांना घट्ट, स्थिर दाब मात्र आवडू शकतो. थोपटायला लागताच तो अंग चोरतो का, हात ढकलतो का, की उलट अंगावर उशी ओढून घेतो, हे पाहा. तसे असेल तर सासूबाईंना थांबायला सांगण्याऐवजी दुसरे काम द्या. दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर किंवा पोटऱ्यांवर ठेवून सावकाश, घट्ट दाबायचे, काही क्षण तसेच धरायचे आणि सोडायचे. आजीचा हातही राहील आणि मुलाची सुटकाही होईल.

दुसरा भाग आवाजाचा. घोडबंदर रस्त्यावर रात्री अवजड वाहनांची वर्दळ असते, आणि एकसारख्या आवाजापेक्षा मधूनच येणारा ब्रेक किंवा हॉर्न अशा मुलांना अधिक दचकवतो, कारण तो केव्हा येईल याचा अंदाज बांधता येत नाही. तुमच्या घरात आतल्या बाजूची खोली असेल तर चार-पाच रात्री त्याला तिथे झोपवून पाहा. ती सोय नसेल, तर खिडकी बंद करून पंखा रोज एकाच वेगावर ठेवा, म्हणजे त्याच्या एकसुरी घरघरीत बाहेरचे आवाज थोडे बुडतील. हे सर्व एकाच वेळी करू नका. खोली, थोपटणे आणि पंखा एकाच रात्री बदलले आणि तो लवकर झोपला, तर कशाने झोपला हे तुम्हांला कधीच कळणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. संवेदनांचे सगळे नीट केले, तरी नऊला तो झोपेल असे मला वाटत नाही, कारण नऊला त्याच्या शरीराला झोप आलेलीच नसते. जागेपणी साचत जाणारी झोपेची गरज ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी असते. दिवसभर ती भरत जाते आणि रात्री भरलेली टाकी मुलाला झोपेत नेते. पाचच्या दीड तासाच्या झोपेत ती बरीच रिकामी होते. त्यात रविवारी दहापर्यंत झोपल्याने शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचे ते घड्याळ मुळातच थोडे उशिरा चालते. त्यामुळे नऊ ते पावणेबारा हे पावणेतीन तास तो अंथरुणावर झोपत नाही, तर अंथरुणावर भांडायला शिकतो. काही महिन्यांनी अंथरूण दिसताच रडणे सुरू होते ते यामुळेच.

म्हणून माझा सल्ला पहिल्यांदा उलटा वाटेल: त्याला झोपायला उशिरा न्या. त्याआधी दोन आठवडे काहीही न बदलता एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: अंथरुणावर केव्हा गेला, खरोखर केव्हा झोपला, सकाळी केव्हा उठला आणि दिवसा केव्हा, किती वेळ झोपला. दोन आठवड्यांच्या नोंदींवरून प्रत्यक्ष झोप लागण्याची सरासरी वेळ काढा. समजा ती ११.४५ आली, तर पुढच्या टप्प्यात त्याला ११.४५ लाच अंथरुणावर न्यायचे, आणि सकाळी सात वाजता, रविवारीही, उठवायचे. उठवल्यावर लगेच बाल्कनीत किंवा खाली उजेडात न्या, कारण सकाळचा प्रकाश घड्याळ मागे खेचतो. पाच वाजताची झोप बंद करण्यासाठी साडेचारलाच त्याला सोसायटीच्या बागेत, झोक्यावर किंवा जिन्यावर चढ-उतार करायला न्या. तरीही डुलकी लागलीच तर वीस मिनिटांनी उठवा.

सलग तीन रात्री तो अंथरुणावर गेल्यापासून वीस मिनिटांच्या आत झोपला, की झोपण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणा. पुन्हा तीन चांगल्या रात्री मिळाल्या की पुन्हा पंधरा मिनिटे. वीस मिनिटांत झोपला नाही, तर दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे उशिरा न्या. त्याच रात्री भांडत बसू नका. ११.४५ वरून ९.३० पर्यंत यायला असे नऊ टप्पे लागतात, म्हणजे सगळे सरळ झाले तरी जवळजवळ एक महिना, आणि सर्दी-ताप किंवा पाहुणे धरून दीड-दोन महिने. ९.३० ते ७ ही साडेनऊ तासांची झोप होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी असते, त्यात ती बसते. नऊचा हट्ट कायमचा सोडलात तरी चालेल.

पहिला आठवडा कठीण जाईल. त्याची झोप आधीच कमी आहे आणि ती तात्पुरती आणखी कमी होणार आहे, तेव्हा चिडचिड वाढेल आणि शाळेतून तक्रार येईल. त्या आठवड्यात शिक्षिकांना कल्पना देऊन ठेवा. मुलाला फिट्स येत असतील किंवा पूर्वी आल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नका, कारण झोप कमी पडल्याने फिट येऊ शकते.

मधला वेळ कसा काढायचा, हा प्रश्न आता तुम्हांला पडला असेल. साडेदहानंतर ट्यूबलाइट बंद करून एक मंद, पिवळा दिवा ठेवा, मोबाइल आणि टीव्ही नको, आणि त्याला अंथरुणावर नव्हे तर हॉलमध्ये त्याचे शांत काम करू द्या: डबे एकात एक घालणे, गाड्यांची रांग लावणे, जे त्याला आवडते ते. शेवटच्या अर्ध्या तासाचा क्रम चार फोटोंनी दाखवा: दूध, दात घासणे, शू, अंथरूण. फोटो तुमच्याच घरातले काढा, आणि प्रत्येक काम झाले की त्याला तो फोटो उलटा करू द्या. शब्दांपेक्षा फोटो त्याला लवकर कळतात, आणि पुढे काय येणार हे दिसले की बदल त्याच्यावर कोसळत नाही. डोक्यावर पाणी ओतलेले त्याला सहन होत नसेल, तर केस धुणे सकाळी करा. रात्रीची आंघोळ आरामदायक असते हे सर्वच मुलांना लागू होत नाही. वडील उशिरा येऊन त्याच्याशी मस्ती करत असतील, तर वडिलांचे प्रेम कमी करायचे नाही, मस्तीची वेळ तेवढी बदलायची: रविवारी सकाळी भरपूर, आणि रात्री फक्त तो घट्ट दाब.

जड ब्लँकेटबद्दल स्पष्ट सांगते. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या ब्लँकेटमुळे झोपेचे तास वाढले नाहीत, मात्र मुलांना आणि पालकांना ते साध्या ब्लँकेटपेक्षा अधिक आवडले. म्हणून तुमच्या मुलाला दाब आवडत असेल तर आरामासाठी वापरायला हरकत नाही, पण झोपेचा उपाय म्हणून हजारो रुपये घालू नका. ठाण्याच्या उकाड्यात ते सहनही होणार नाही. वापरलेच, तर स्वतः सहज बाजूला करू शकेल एवढेच वजन असावे आणि तोंडावर कधीही येऊ नये. वजन आणि वापर ऑक्युपेशनल थेरपिस्टना विचारूनच ठरवा. गमींबाबत माझे मत अधिक कडक आहे. या गमींमधले मेलाटोनिन, म्हणजे झोपेचे संप्रेरक, काही मुलांना खरोखर उपयोगी पडते, पण ते बालरोगतज्ज्ञांनी मात्रा आणि वेळ ठरवून द्यायचे असते. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी तपासल्या, तेव्हा २२ मध्ये लेबलवर लिहिलेले आणि आत असलेले प्रमाण जुळत नव्हते. ग्रुपवर कोणी सांगितले म्हणून साडेसहा वर्षांच्या मुलाला ते देऊ नका.

डॉक्टरांकडे आधी जायचे ते काही खुणा दिसल्या तर: तो रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल, पाय सतत झाडत असेल, बद्धकोष्ठता असेल किंवा आडवे होताच आंबट पाणी वर येत असेल. पाय झाडत असल्यास रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला हवे का, हे डॉक्टरांना विचारा. लोह कमी असले की पायांत अस्वस्थता येऊ शकते, आणि न बोलणारे मूल ती फक्त झाडून दाखवते.

गणपती जवळ आले आहेत. ढोल-ताशे, उशिरापर्यंतची आरती आणि घरात पाहुणे असताना हा क्रम सुरू करू नका. तोपर्यंत आधी वही लिहा, मग पंखा, खोली आणि आजीचा हात हे एकेक करून पाहा, आणि विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी ११.४५ पासून सुरुवात करा.