तासाभराच्या वाचनानंतर आवाज का बसतो, आणि मी काय बदललं

प्रश्न: मी गावातूनच ऑडिओबुकसाठी मराठी पुस्तकं वाचतो. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं आवाज छान लागतो. तासाभरानं घसा ओढल्यासारखा होतो, आवाज जड आणि खरखरीत येतो. पाणी पितोच आहे. रेकॉर्डिंगआधी काय सराव करावा, श्वास कसा घ्यावा, किती वेळ सलग वाचावं?

आधी एक करून पाहा. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगमधली चाळिसाव्या मिनिटानंतरची पाच मिनिटं लावा आणि फक्त प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द ऐका. बाकीचं सोडून द्या. ते शब्द खाली बसलेले, चिरचिरत, जुनं दार उघडताना करकरतं तसे येत असतील, तर तुमचा घसा तिथंच थकतोय. Audacity वापरत असाल तर हे डोळ्यांनीही दिसतं. वाक्याचा शेवट मोठा करून पाहिला की नेहमीच्या दाट लाटेऐवजी सुटे सुटे काटे दिसतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. सात वर्षांपासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पहिल्या वर्षी इतिहासाचं पुस्तक लवकर संपवायचं म्हणून तीन दिवस दुपारी एक ते चार सलग बसले. तिसऱ्या दिवशी आवाज असा बसला की आठवडाभर घरातही धड बोलता येईना, आणि तीन धडे पुन्हा वाचावे लागले. तेव्हा मलाही वाटलं की पाणी कमी पडलं. माझे मामा कीर्तन करतात. त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं तर दोनच मिनिटांत म्हणाले, "तुह्या वाक्याच्या शेपटात जीवच नाई राह्यत वं पोरी. हवा सरली तरी तू बोलतच राह्यते."

दुखणं तेच होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्याचा सगळा अर्थ ज्या शब्दावर टेकतो, तो शब्द नेमका श्वास संपताना तोंडात येतो. खालून हवेचा दाब उरलेला नसतो, तरी शब्द तर पूर्ण करायचा असतो. मग आपण घसा आवळून तो बाहेर काढतो. एका वाक्यात हे जाणवत नाही. तासाभरात अशी शेकडो वाक्यं होतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी स्वरतंतू थोडे थोडे घासले जातात. पाण्यानं हे सुटत नाही.

म्हणून मी वाचण्याआधी पानावर पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा करते. एक उभी रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण. समजा असं वाक्य आहे:

कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या पुढं चालणारी सखू | डोक्यावरची शिदोरी एका हातानं सावरत धुऱ्यावरच्या बोरीखाली थांबली || आणि मागं वळून रस्त्याकडं पाहू लागली ||

पहिल्यांदा मी हे एका दमात वाचत असे आणि "पाहू लागली"ला येईपर्यंत आवाज जमिनीला टेकलेला असे. आता सखूनंतर थोडी हवा घेते. तिथं ऐकणाऱ्यालाही थांबा हवाच असतो, कारण एवढं लांबलचक विशेषण कोणाचं हे नुकतंच कळलेलं असतं. "सावरत"नंतर स्वल्पविराम असता तरी मी तिथं श्वास घेतला नसता, कारण "सावरत थांबली" ही एकच हालचाल आहे. स्वल्पविराम वाचणाऱ्याच्या डोळ्यासाठी असतो, श्वासाची जागा अर्थ ठरवतो. "थांबली"नंतर पूर्ण श्वास घेतला की "पाहू लागली" म्हणताना निम्मी हवा शिल्लक असते. खूण बरोबर पडली का, हे असंच तपासायचं. वाक्य संपल्यावर आणखी चार शब्द आरामात बोलता येतील इतकी हवा उरली पाहिजे.

इथं उलटी चूकही होते, आणि ती मी वर्षभर केली. प्रत्येक खुणेला छाती भरून श्वास घेतला की आधीची हवा आतच राहते, त्यावर नवी चढते. पाच-सात वाक्यांत छाती दाटल्यासारखी होते, खांदे वर जातात, मान ताठ होते. अर्ध्या श्वासाला खरंच थोडी हवा पुरते. कमरेच्या वर, बरगड्यांच्या खालच्या बाजूला दोन्ही हात ठेवून बसा. श्वास घेताना हात बाहेर ढकलले गेले पाहिजेत आणि खांदे जागेवर राहिले पाहिजेत. मोठ्या थांब्याला मी नाकानं श्वास घेते, म्हणजे हवा ओलसर होऊन आत जाते. छोट्याला तोंडानं, पण "अ" म्हणायच्या तयारीत घसा मोकळा ठेवून. मग माइकवर श्वासाचा सूं आवाज येत नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची. निवेदन म्हटलं की बरेच जण आवाज मुद्दाम खाली, भारदस्त करतात. पट्टी खाली ओढली की वाक्याच्या शेवटी उतरायला जागाच उरत नाही आणि चिरचिर सुरू होते. तुमची खरी पट्टी शोधायची तर फोनवर कोणाला होकार देताना आपण सहज "हं" म्हणतो ते आठवा. तसा "हं" दोन-तीनदा म्हणा आणि त्याच सुरात पहिलं वाक्य सुरू करा. झाडीपट्टीच्या नाटकात काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ माझ्याकडं वाचायला आले होते. आवाज दमदार, रात्रभर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. माइकपुढंही ते तसंच वाचत होते आणि पाऊण तासात दमले. त्यांना म्हटलं, समोरच्या खाटेवर बसलेल्या एकाच माणसाला सांगताय असं समजा. माइक वीतभर अंतरावर आहे, आवाज फेकायचं काम त्याच्याकडं सोपवा.

आता सरावाचं. मी सात-आठ मिनिटं देते, त्यापेक्षा जास्त नाही, कारण सरावातच दमून बसण्यात अर्थ नाही. आधी खांदे, मान, आणि कानापुढं जबड्याचा जो सांधा आहे तो बोटांनी हलकेच चोळते. मग पेल्यात चार बोटं पाणी घेऊन त्यात नारळपाण्याची जाड नळी दोन बोटं बुडवायची आणि नळीतून "ऊ" असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे. नुसती फुंकर नको, आवाज हवा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ते मध्येच तुटले किंवा उसळून बाहेर आले तर हवा एकसारखी जात नाही असं समजायचं. दोन मिनिटं एकाच सुरावर, मग एक मिनिट सूर खालून वर आणि वरून खाली न तोडता न्यायचा. नळीच्या तोंडाशी हवा थोडी अडते, तो दाब मागं स्वरतंतूंपर्यंत पोचतो, आणि ते एकमेकांवर न आपटता अलगद भेटतात. आवाज शिकवणारे आणि वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ हाच सराव देतात. नळी नसेल तर लहान पोरं गाडी चालवताना ओठांनी भुर्रर्र करतात तसं करा, काम तेच होतं. त्यानंतर ओठ मिटून "म्" गुणगुणायचं, नाकाच्या आसपास आणि ओठांवर झिणझिण्या येईपर्यंत. शेवटी त्या दिवशीचं पहिलं पान एकदा सावकाश मोठ्यानं वाचायचं, रेकॉर्ड न करता. त्यातच जोडाक्षरं जिथं अडतात तिथं जीभ मोकळी होते.

किती वेळ सलग, तर माझं माप वीस मिनिटं. मग पाच मिनिटं पूर्ण गप्प. फोनवर बोलायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजताना बरेच जण घसा अजून आवळतात. परत बसताना मिनिटभर नळीचे बुडबुडे, आणि मागच्या तुकड्याची पहिली तीस सेकंदं ऐकायची. शेवटची ऐकलीत तर दमलेल्या आवाजाशी सूर जुळवाल. अशा चार फेऱ्या झाल्या की मी त्या दिवसापुरती उठते. चुकलात तर थांबा, पूर्ण श्वास घ्या आणि वाक्याच्या सुरुवातीपासून वाचा. चुकलेला शब्द घाईनं तिथंच दुरुस्त केला की तो तुकडा वेगळ्या श्वासाचा वाटतो आणि जोड ऐकू येतो.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा विचारात घ्यावा लागतो. पंखा आणि कूलर बंद करून खोली लावून घेतली की एप्रिल-मेमध्ये दुपारी बसणं शक्यच नाही. मी पहाटे पाचला बसते. सकाळचा आवाज मात्र जड असतो, म्हणून उठल्यावर तास गेल्याशिवाय सुरू करत नाही. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शरीरातून तिथवर ओल पोचायला वेळ लागतो, म्हणून पाणी आदल्या संध्याकाळपासून प्यायचं. वाचताना घेतलेला घोट फक्त तोंड ओलं ठेवतो, तेवढ्यासाठी तो घ्यावाच. घसा खाकरावासा वाटला तरी खाकरू नका, घोट घेऊन गिळा. रात्री उशिरा सावजी रस्सा खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज घोगरा निघतो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी लवकर आणि साधं जेवते. खर्रा खात असाल तर तो सोडल्याशिवाय तोंडाचा कोरडेपणा आणि घशाची जळजळ जाणार नाही.

खोलीबद्दल एक सांगते. भाव येईस्तोवर कापूस घरात भरून ठेवला होता तेव्हा मी त्याच खोलीत रेकॉर्ड करायची. घुमारा अजिबात नाही, आवाज इतका छान बसायचा की स्टुडिओ वाटावा. पण दहा मिनिटांत घसा खवखवायचा आणि कोरडा खोकला लागायचा, कारण कापसाची बारीक धूळ हवेत असते. आता भिंतींना धुतलेल्या गोधड्या टांगते.

हे सगळं थकव्यासाठी आहे. थकलेला आवाज एका रात्रीच्या झोपेनं आणि गप्प बसण्यानं परत येतो. दोन-तीन आठवडे घोगरेपणा राहिला, गिळताना दुखलं, किंवा वरचे सूर एकाएकी निघेनासे झाले तर रेकॉर्डिंग बंद ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या. तिथं गाठ आली असेल तर नळीच्या बुडबुड्यांवर वेळ काढू नका.