किचन नंतर, आधी बाथरूम बघ

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

कर्वेनगरच्या भाड्याने द्यायच्या फ्लॅटच्या कामांची तीन कोटेशनं पाहिली. मॉड्युलर किचनवर तुझा जीव जडलाय, हे तू पाठवलेल्या फोटोंवरूनच कळलं. पण त्याआधी एक आकडा शोधायचा राहिलाय. तुमच्याच सोसायटीतला सगळ्यात चकाचक वन बीएचके महिन्याला किती भाड्याने जातो, ते मी वॉचमन आणि एजंट दोघांनाही विचारलं. उत्तर आलं 19,000. तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत 1991 ची. तू सोन्याचे नळ बसवलेस तरी त्याच्या वर कोणी देणार नाही. आज आपल्याला 15,000 मिळतात, म्हणजे सगळी कामं मिळून महिन्याला 4,000 वाढतील, फार तर. प्रत्येक कंत्राटदार आपापल्या कामाने भाडं किती वाढेल ते सांगतो, आणि तू त्या वाढींची बेरीज केलीस. त्या बेरजेला हे छत आहे.

आता रंगकामापासून बघू. भिंती-छताचा रंग 38,000, वायरिंगची दुरुस्ती आणि जादा पॉइंट 22,000, मोझेकला पॉलिश 12,000. एकूण 72,000. दहा दिवस घर अडकेल, त्याचं बुडालेलं भाडं 5,000 धर. एवढ्यावर भाडं 16,500 पर्यंत जाईल, म्हणजे वर्षाला 18,000 जास्त. नुसतं हेच धरलं तर पैसे सुटायला सव्वाचार वर्षं लागतात. पण गेल्या खेपेला भाडेकरू गेल्यावर फ्लॅट दोन महिने रिकामा होता, त्यात 30,000 गेले, ते तुझ्या हिशेबात कुठेच नाहीत. दर खेपेला घर वीस दिवसांत लागलं तर त्यातले 19,000 वाचतात. मग पैसे दोन वर्षांच्या आसपास सुटतात. अकरा महिन्यांच्या करारात रिकामे दिवस भाडेवाढीएवढेच महाग पडतात.

घर रिकामं का राहिलं? एजंट म्हणाला, अकरा जण बघून गेले, त्यातले सात बाथरूमचं दार उघडून परत फिरले. किचन पाहून कोणीच परत फिरलं नाही. भाडेकरू आधी नको असलेल्या गोष्टी बघतो, हव्या असलेल्या नंतर. भारतीय संडास, गंजलेला पाइप, भिंतीला ओल हे सगळं नको मध्ये येतं.

बाथरूमचं कोटेशन 1,10,000, वीस दिवसांचं बुडीत भाडं धरून 1,20,000. भाडं 16,500 वरून 18,000 होईल. नुसत्या भाड्यावर पावणेसात वर्षं लागतील, जास्त आहेत. पण नीट केलेलं बाथरूम पंधरा वर्षं टिकतं, शिवाय खालच्या काकूंच्या छतातली गळती आज ना उद्या आपल्याच गळ्यात येणार आहे. ते काम आत्ताच कर, मात्र कंत्राटदारावर नजर ठेव. फरशी फोडून खालचा भराव काढायचा, वॉटरप्रूफिंग झालं की खड्ड्यात पाणी भरून अठ्ठेचाळीस तास तसंच ठेवायचं, आणि खाली जाऊन छत बघायचं. ही चाचणी टाइल्स लावण्याआधी. टाइल्स लागल्यावर गळती दिसली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. मी एकदा घाई करून हे भोगलंय. फोडाफोडीला सोसायटीची परवानगी आधी काढ.

मोझेकवर व्हिट्रिफाइड टाइल्स चढवायचा विचार सोड. फरशीची पातळी वाढते, दारं खालून तासावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा बुटका होऊन पाणी हॉलमध्ये येतं. जुनं मोझेक पॉलिश केल्यावर आजच्या मुलांना आवडतं, हे मला नवलाचं वाटलं, पण खरं आहे.

मॉड्युलर किचन 1,60,000. भाडं 18,000 झाल्यावर छताला टेकायला उरले 1,000. म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. भाड्याच्या घरात सिंकखालची फळी आणि ट्रॉल्यांची चॅनल एवढी वर्षं जगत नाहीत. ग्रॅनाइटचा ओटा चांगलाच आहे. हात फारच शिवशिवत असतील तर त्याच्याखाली 40,000 च्या ट्रॉल्या बसव. कुटुंब राहायला येणार असेल तरच. दोन नोकरदार मुलांना त्या ट्रॉल्यांपेक्षा वॉशिंग मशीनचा नळ आणि प्लग जास्त महत्त्वाचा, आणि तो वायरिंगबरोबरच होऊन जातो.

खर्चाची बिलं दाखवून कर वाचेल, असंही तू ताईला सांगितलंस म्हणे. घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर रुपया घाला की लाख, ती तेवढीच राहते.

म्हणजे फोडाफोडी आधी, मग वायरिंग, मग पॉलिश, रंग शेवटी. बाथरूमवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी काकूंच्या घरी जाऊन त्यांच्या छताचे फोटो काढून मला पाठव. ओल पाइपच्या सांध्याखाली आहे की सगळीकडे पसरलीये, त्यावर भराव किती काढायचा ते सांगतो.

तुझा,
मामा