कच्च्या निबंधावर काय लिहायचं, पक्क्यावर काय

प्रश्न: «अकरावीच्या मुलांकडून एकाच निबंधाचा आधी कच्चा आणि मग पक्का मसुदा घेते. दोन्ही वेळा सगळं तपासते, तरी दुसरा मसुदा पहिल्यासारखाच येतो, फक्त शुद्धलेखन सुधारलेलं. कुठे काय लिहावं?»

मुलं तुमचं ऐकतायत, म्हणूनच असं होतंय. एकाच परिच्छेदात तुम्ही चार वेलांट्या दुरुस्त केल्या आणि समासात «मुद्दा स्पष्ट नाही, पुन्हा विचार कर» असंही लिहिलं, तर त्यातलं सोपं आणि ठरावीक काम मूल आधी उरकतं. शिवाय वेलांटी दुरुस्त केली म्हणजे ते वाक्य राहणार, असाच त्याचा अर्थ निघतो. अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी प्राध्यापकांचे शेरे तपासून 1982 साली हीच अडचण मांडली होती: वाक्य नीट कर आणि मजकूर नव्याने उभा कर, अशा दोन उलट सूचना एकाच पानावर दिल्या जातात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. विषय होता «गावातलं वाचनालय ओस का पडलं?». मुलाचा पहिला परिच्छेद «आजच्या धकाधकीच्या युगात» असा, दुसरा मोबाइलच्या दुष्परिणामांवर, तिसरा ग्रंथ हेच गुरू यावर. चौथ्यात मात्र मध्येच एक वाक्य: «आमचं वाचनालय दहा ते पाच उघडं असतं, तेव्हा आम्ही कॉलेजात असतो.» निबंधात त्याचं स्वतःचं म्हणणं तेवढंच होतं. शिवाय «मूलांना», «गरीबांसाठी», «कुलूपाला» अशा चुका पानभर.

कच्च्या मसुद्यावर मी एकही चूक दुरुस्त केली नाही. त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि लिहिलं: «वाचनालय ओस पडण्याचं खरं कारण तुझ्या मते हे आहे का? असेल तर मोबाइलचा परिच्छेद इथे काय काम करतो? वेळेबद्दल ग्रंथपालांना विचारलंस का?» बस. तीनही प्रश्न एकाच मुद्द्याचे आहेत, आणि ते त्याच्याच वाक्यातून निघालेत. «अजून विस्तार हवा» असं लिहिलं असतं तर त्याने मोबाइलवरच आणखी दहा ओळी वाढवल्या असत्या. शेरा असा हवा, की तो उचलून दुसऱ्या कुणाच्या निबंधावर चिकटवता येऊ नये.

कच्च्या मसुद्यावर गुणही देऊ नका. रूथ बटलर यांच्या 1988 च्या प्रयोगात ज्या मुलांना नुसते शेरे मिळाले त्यांचं काम सुधारलं, पण शेऱ्यांबरोबर गुणही दिले तिथे तो फायदा दिसला नाही. आकडा दिसला की शेरा वाचायचा राहून जातो, हे आपल्या वर्गातही दिसतंच.

भाषेबद्दल पहिल्या वेळी बोलायचं ते दोनच प्रसंगी. वाक्याचा अर्थच लागत नसेल तर «इथे कोण कुणाला म्हणतंय?» एवढं विचारावं. आणि मजकूर कुठून उतरवलेला वाटला तर ते तेव्हाच सांगावं, पक्क्या मसुद्यापर्यंत थांबू नये.

पक्क्या मसुद्यात वेळेचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात आला होता आणि ग्रंथपालांचं म्हणणंही होतं. मोबाइल दोन ओळींपुरता उरला. आता मात्र «रचना बदल» लिहून काही उपयोग नाही, कारण हा निबंध पुन्हा लिहिला जाणार नाही. म्हणून आधी बदलाचं नेमकं नाव घेतलं: «वेळेचा मुद्दा वर आणल्यामुळे बाकीचे परिच्छेद त्याला जोडले गेले.» मग उरलेली उणीव, पण पुढच्या लिखाणाच्या भाषेत: «चार मित्रांना विचारून ‹सगळे विद्यार्थी› असं लिहिलं आहेस. पुढच्या वेळी जितक्यांना विचारलं तितक्यांबद्दलच बोल.» गुण का कापले, तेही त्याला इथेच कळलं.

शुद्धलेखनाची वेळ आता येते, तीही एका नियमापुरती. वरच्या तिन्ही चुका मुळात एकच चूक आहे: मूल, गरीब, कुलूप या शब्दांतला शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, मुलांना, गरिबांसाठी, कुलुपाला. नियम एकदा लिहायचा, बाकीच्या ओळींच्या समासात नुसती खूण करायची आणि चूक त्यालाच शोधू द्यायची. रिचर्ड हॅसवेल यांनी 1983 साली ही खुणेची पद्धत मांडली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी निम्म्याहून जास्त चुका आपल्या आपण दुरुस्त केल्या होत्या. ज्या चुका त्याला खूण पाहूनही सापडत नाहीत, तेवढ्याच वर्गात शिकवायच्या असतात.

पक्का मसुदा घेताना कच्चा सोबत जोडून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. परिच्छेदांचा क्रम तोच आणि फक्त शब्द बदललेले दिसले, तर आधी आपला कच्च्यावरचा शेरा पुन्हा वाचा. बहुतेक वेळा त्यात नेमकं वाक्य दाखवलेलं नसतं.