विनोदी पात्राला गावरान बोलायला लावू नका

प्रश्न: इंग्रजी कॉमिकच्या एका पानाचा मोबाईलवर फोटो काढलाय. फुग्यांमधलं बोलणं मराठीत करायचंय, पण जोक आणि टोन गेला नाही पाहिजे. कसं करू?

आधी विनोद, मग फोटो. बहुतेक जण उलटं करतात. फुगे पुसून बसतात आणि मग त्यात काय घालायचं याचा विचार करतात.

माझं कोल्हापुरात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फलक ही रोजची कामं. मध्यंतरी मुलांच्या एका मासिकाचं काम यायचं, त्यात समुद्री चाच्यांचं एक कॉमिक होतं. छापायची परवानगी त्यांनी काढली होती, पण मूळ फाईल कुणाकडेच नव्हती. जुन्या अंकाच्या पानांचे फोटो तेवढे हातात आले. भाषांतर आणि जुळणी दोन्ही मीच केलं. त्यातल्या एका पानाबद्दल सांगते.

पहिल्या चौकटीत कप्तान छाती काढून उभा आहे आणि म्हणतोय की जगात मी कशाला म्हणून भीत नाही. दुसऱ्या चौकटीत वाक्य पुढे सरकतं, अपवाद फक्त एकच. तिसरीत डेकवर बदक येतं आणि गडी पिंपावर चढून बसतो. इंग्रजीत अपवाद वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून बदक दिसेपर्यंत वाचक थांबून राहतो. मराठीत हेच सरळ लिहायला गेलं की 'बदक सोडलं तर मी कशालाच भीत नाही' असं होतं. बदक पहिल्याच फुग्यात बाहेर पडलं, आता तिसऱ्या चौकटीत बघायचं काय? म्हणून एक वाक्य दोन-तीन फुग्यांत तोडलेलं असेल तर फुगे सुटे सुटे भाषांतरित करू नका. आधी सगळं एकत्र लिहून काढा, मग परत तोडा. मी असं केलं:

पहिला फुगा: 'वादळाला भीत नाही, तोफेला भीत नाही, राजाला तर नाहीच नाही!'
दुसरा: 'भितो फक्त...'
तिसरा: '...ह्याला!'

बदक हा शब्दच नाही. तो चित्रकाराने काढून ठेवलाय, परत लिहायची गरज नव्हती.

'नाहीच नाही' मुद्दाम आहे. इंग्रजी कॉमिकात जोर द्यायचा शब्द ठळक आणि तिरका करतात. आपल्याकडे तो जोर 'च', 'तर', 'की', 'ना' असल्या बारक्या शब्दांवर पेलतो. ठळक देवनागरी एवढ्याशा फुग्यात घातली की जोडाक्षरं बुजतात, आणि तिरकी तर वाऱ्याने पडल्यासारखी दिसते.

खरी गंमत पुढे आहे. चौथ्या चौकटीत शिडाचं आडवं लाकूड वाऱ्याने फिरतं आणि थेट कप्तानाच्या डोक्याकडे येतं. खलाशी ओरडतो, 'डक!' म्हणजे वाका. कप्तानाला ऐकू येतं बदक. पाचव्या चौकटीत तो एक पाय वर उचलून घाबरून खाली बघतोय, सहावीत डोक्याभोवती तारे. इथे लोक हात टेकतात आणि पानाखाली तळटीप देतात. तळटीप दिलेला विनोद मेला म्हणून समजा.

मी शब्द बाजूला ठेवला आणि फक्त चित्र बघितलं. त्यात एक माणूस वाकायचं सोडून पायाखाली बघतोय. मग खलाशी ओरडतो, 'खाली! खाली!' आणि कप्तान म्हणतो, 'खाली? कुठाय? चावतंय का?' बदकाची भीती आधी येऊन गेलेली असल्यामुळे वाचक बरोबर तिथे पोचतो. शिवाय 'वाक' म्हणावं की 'वाका' हा घोळही मिटला. मात्र चित्रकाराने कप्तानाला आभाळाकडे बघताना काढलं असतं तर हे जमलं नसतं, तिथे दुसरा काही घोटाळा रचावा लागला असता. चित्र तुम्हाला बदलता येत नाही, तेव्हा त्यात जे घडतंय तिथूनच सुरुवात करायची.

हे सगळं संपादकांना आवडलं. मग प्रूफ परत आलं. खलाशाची सगळी वाक्यं बदललेली! 'धनी, वाईच खाली वाका की जी!' कप्तान मात्र स्वच्छ पुस्तकी मराठीत. फोन केला तर म्हणाले, 'अहो, तुम्ही कोल्हापूरच्या ना, तुम्हाला तर हे आवडायला पाहिजे. वाचक हसला पाहिजे.'

मला अजून राग आहे. एक तर ती कोल्हापुरी नव्हतीच, ते तमाशापटातलं 'गावाकडचं' होतं. बोलीला व्याकरण असतं, 'लई' आणि 'रं' पेरले म्हणजे बोली होत नाही. आमच्याकडे बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. माझी आई आजही म्हणते. एखाद्या बाईच्या तोंडी खरी कोल्हापुरी घातली तर बाहेरचा वाचक ती छपाईची चूक समजेल. तेवढी तयारी असेल तर जरूर घाला. दुसरं म्हणजे, मूळ पानात दोघं एकाच तऱ्हेचं इंग्रजी बोलतात. फरक इतकाच की कप्तान लांबलचक आणि फुगवून बोलतो, खलाशी दोन-तीन शब्दांत संपवतो. त्या पानात शहाणा तोच आहे! त्याला बोली चिकटवली की वाचक कप्तानाला सोडून त्याला हसतो, म्हणजे विनोदाचं तोंडच फिरलं. तुम्ही टोन म्हणताय तो इथे असतो, वाक्याच्या लांबीत आणि कोण कुणाला अरे-तुरे करतो यात. मुळातच एखादं पात्र बोलीत बोलत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मूळ लेखकाने ठरवायचं.

आता फोटोचं. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल पानाला समांतर धरून परत काढा. शिवणीजवळ पान वळतं तिथे काच ठेवून दाबा, नाहीतर त्या बाजूचे फुगे चेपलेले येतात. स्कॅनच्या अॅपमध्ये काळा-पांढरा पर्याय घेऊ नका, फिकट छटा उडून जातात. फुगा पुसताना पांढरा रंग भरू नका. फोटोतला कागद पिवळट असतो, ठिगळ लगेच दिसतं. त्याच फुग्यातला रंग उचला, आणि फुग्याच्या सावलीकडच्या बाजूला वेगळा उचला. कडेची रेघ राखा. फॉन्ट `Baloo 2` चांगला बसतो, फुकट आहे. वेलांटी-उकारांना वर-खाली जागा लागते, म्हणून इंग्रजीत पाच ओळी असतील तर मराठीत चारच धरा, आणि मजकूर मावत नसेल तर अक्षर बारीक करण्याआधी वाक्य कापा. शेवटी चित्र झाकून नुसते फुगे कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. चित्राशिवायच सगळं कळलं तर तुम्ही जास्त लिहिलंय.

हे घरच्या पोरांना वाचायला करत असाल तर खुशाल करा. नेटवर टाकणार असाल तर आधी परवानगी काढा. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचा किंवा प्रकाशकाचा असतो, आणि आपल्याकडे तो लेखक गेल्यावरही 60 वर्षं राहतो.

आणि हो, मासिकात शेवटी 'खाली! खाली!' असंच छापलं गेलं. 'धनी' मीच जुळणीत काढून टाकलं. त्यानंतर त्यांचं काम आलं नाही.