आरशातलं नाक, फोटोतलं नाक

प्रिय मित्रा,

आरशात मी बरा दिसतो आणि मोबाइलच्या फोटोत नाकच नाक दिसतं, यातलं खरं कुठलं, असं तू विचारलंस. दोन्ही थोडे थोडे चुकतात. त्यातली नाकाची चूक तर मोजताही येते, म्हणून तिथूनच सुरू करू.

नाकाचं टोक आणि कान यांच्यात पुढेमागे साधारण 12 सेंटिमीटर अंतर धर. तू सेल्फी काढतोस तेव्हा फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर कानांपासून तो 42 वर असतो. जे जवळ ते मोठं उमटतं. त्यामुळे कानांच्या मानाने नाक 42 भागिले 30, म्हणजे 1.4 पट फुगतं. तोच फोटो कुणी दीड मीटरवरून काढला तर 162 भागिले 150, म्हणजे जेमतेम 1.08 पट. नाक तेच, पण दोन फोटोंत जवळजवळ 30 टक्क्यांचा फरक! आरशापासून 30 सेंटिमीटरवर उभा राहिलास, तर प्रतिमा काचेमागे तेवढीच आत असते, म्हणजे तुझ्यापासून 60 वर. तिथे हा आकडा 1.2 येतो. सेल्फीपेक्षा आरसा बरा वाटतो त्याचं अर्धं कारण हेच. लोक मात्र तुला बहुतेक वेळा मीटरभर किंवा त्याहून लांबूनच बघतात.

उरलेलं कारण सवयीचं आहे. कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. समज, तुझ्या ओठांचा एक कोपरा 2 मिलिमीटर वर आहे. आरशात तो रोज एकाच बाजूला बघून डोळ्यांना तेच सरळ वाटू लागतं. फोटोत तो दुसऱ्या बाजूला जातो, आणि सवयीच्या चेहऱ्याशी तुलना केली की फरक दुप्पट, 4 मिलिमीटरचा भासतो. 1977 मध्ये अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोची सरळ आणि उलटी प्रत दाखवली. बहुतेकींनी आरशासारखी उलटी निवडली. त्यांच्या जवळच्या माणसांनी सरळ. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला आवडतं. तेव्हा फोटो विचित्र वाटला म्हणून इतरांनाही तो विचित्र वाटतो, असं समजू नकोस.

स्मृतीची गंमत आणखी वेगळी. एप्ली आणि व्हिटचर्च यांनी 2008 मध्ये लोकांचे फोटो देखण्या किंवा कुरूप चेहऱ्यात थोडे थोडे मिसळले आणि 'यातला तुमचा खरा कोणता?' असं विचारलं. लोकांचा कल देखणेपणाकडे झुकवलेली प्रत आपली मानण्याकडे होता. थोडक्यात, फोटो बघताना तू तो स्वतःच्या सजवलेल्या आठवणीशी ताडतोस, आणि फोटो हरतो.

मनःस्थिती उलट दिशेने ओढते. मन खट्टू असलं की नावडत्या आठवणी लवकर वर येतात आणि नजर थेट त्या एकाच भागावर जाते. मग माणूस आरशाच्या आणखी जवळ सरकतो, चेहरा नाहीसा होतो आणि फक्त छिद्रं आणि डाग उरतात. दहा मिनिटांहून जास्त आरशात निरखत राहिल्यावर दिसण्याची विशेष काळजी नसलेल्यांचीही अस्वस्थता वाढते, असं प्रयोगात दिसलं आहे. अशा वेळी स्वतःला दहापैकी दिलेले गुण चेहऱ्याचे नसतात, त्या संध्याकाळचे असतात.

तपासून बघायचं असेल तर असं कर. फोन डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटरवर ठेव, टायमर लाव, खिडकीकडे तोंड करून उभा राहा. वरच्या दिव्याखाली नको, डोळ्यांखाली सावल्या पडतात. चेहरा लहान आला तर फोन जवळ आणू नकोस, फोटो नंतर काप. मग त्याची उलटी प्रत कर. दोन्ही प्रतींना गुण दे, शेजारी त्या वेळचा मूडही एका शब्दात लिही आणि प्रती बाजूला ठेव. आधीचे गुण न बघता आठवडाभरात वेगवेगळ्या वेळी आणखी दोनतीनदा असंच कर. फोटो तोच असून गुण मूडबरोबर हलले, तर जेवढे हलले तेवढी चूक मनाची. जवळच्या दोघांना 'कसा दिसतो?' असं विचारू नकोस, उत्तर गोडच येईल. 'यातला मी कोणता?' एवढंच विचार.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. फोटो एका क्षणाचा असतो, आणि लोक बघतात तो हलता, बोलता चेहरा तिच्यात येत नाही. त्यासाठी कुणाला तरी दीड मीटरवरून तुझ्या गप्पांचा मिनिटभर व्हिडिओ काढायला सांग.

आणि एक. एखाद्या भागाच्या विचारात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, त्यापायी माणसांत जाणं टळत असेल, तर हा प्रयोग करूच नकोस. तपासत राहिल्याने तो त्रास वाढतो. सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यावर उपचार आहेत.